घाम दिसत नाही तेव्हा

मे महिना, दुपारचा दीड. एक दुचाकीस्वार जालन्याहून शेंद्र्याच्या एमआयडीसीत सेकंड शिफ्टला निघालाय. अंतर चाळीसेक किलोमीटर, पारा बेचाळीसवर.

बदनापूर मागं पडलं तरी शर्ट कोरडाच. त्याला वाटतं, घाम काही येत नाही. घाम येतोय, पण कोरड्या वाऱ्यात तो अंगावर टिकत नाही. शर्टावर उमटलेल्या मिठाच्या पांढऱ्या रेघा बघा.

आता वाऱ्याचं. कातडीचं तापमान साधारण पस्तीस अंश असतं. हवा त्याहून तापली की वारा अंगाला उष्णता देऊ लागतो. गारवा मिळतो तो फक्त घाम वाळताना. म्हणून बाह्या दुमडून, बटणं उघडून गाडी हाणणं या उन्हात उलटं पडतं. त्यापेक्षा फिक्या रंगाचं जाळीचं जॅकेट घालावं आणि आत सुती बनियन भिजवून, पिळून. वारा जाळीतून जातो, बनियनातलं पाणी वाळतं आणि तेवढा घाम वाचतो. बनियन मात्र अर्ध्या तासात खडखडीत होतं, तेव्हा करमाडला थांबून परत भिजवायचं. हीच युक्ती दमट कोकणात फारशी चालणार नाही. तिथं पाणी वाळतच नाही.

थांबल्यावर हेल्मेट काढायचं, डोक्यावर पाणी मारायचं. चालत्या गाडीवर मात्र ते डोक्यावरच. आत भिजवलेला पातळ रुमाल बांधला तर बरं.

तहान लागेपर्यंत उशीर झालेला असतो. निघण्याआधी दोन ग्लास, मग दर वीस मिनिटांनी चार-पाच घोट. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर घामातून गेलेलं मीठ भरून निघत नाही. ओआरएसची पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. रस्त्यावर ताक मिळालं तर मीठ घालून प्यावं. रसवंतीचा रस गोड लागतो, पण त्यावर भागवू नये.

ऊन बाधू लागल्याचं आधी गाडी सांगते. गतिरोधक ऐनवेळी दिसतो. गिअर चुकतो. इंडिकेटर चालूच राहतो. मग डोकं ठणकतं, मळमळतं, पोटऱ्यांत गोळे येतात. इथं ‘पाचच किलोमीटर राहिले’ हा हिशेब करायचा नाही. लिंबाखाली गाडी लावायची, जॅकेट-बूट काढायचे, पाय थोडे उंच ठेवून आडवं व्हायचं, अंगावर पाणी मारून वारा घ्यायचा आणि थोडं थोडं पीत राहायचं.

अर्ध्या तासात उतार पडायला हवा. नाही पडला तर दवाखाना गाठायचा, गाडी न चालवता. माणूस असंबद्ध बोलू लागला, ओळख विसरला, अंग चटका बसावा इतकं तापलं, तर तो उष्माघात. अशा वेळी तोंडात पाणी ओतायचं नाही, ठसका लागून ते श्वासनलिकेत जातं. १०८ ला फोन लावायचा आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतत राहायचं.

उतार पडला तरी त्या दिवशी दुचाकी तिथंच ठेवायची आणि घरी जायला एसटी धरायची.