९८ आणि ८४ : निफाडच्या एका घरातले दोन आकडे

(द्राक्षबाग, पहाट. ओळींच्या मधून धूर. शेकोट्या.)

नाशिक जिल्हा, निफाड तालुका. जानेवारीची पहाट. महाराष्ट्रातल्या थंडीचा नीचांक दरवर्षी बऱ्याचदा इथल्याच कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर नोंदला जातो. काही वर्षी पारा ५ अंशांच्याही खाली उतरतो. इतकी थंडी पडली की द्राक्षाचे मणी तडकतात. मग शेतकरी पहाटेच उठून बागेत पालापाचोळा, बगॅस, जे हाताशी असेल ते पेटवतो. धूर ओळींमधून जमिनीलगत पसरतो आणि बागेतली हवा थोडीफार उबदार राहते.

(आजींचे हात. शेकोटीत काटकी सारताना.)

या घरातल्या आजी पहाटे पाचपासून बागेत आहेत. वय पासष्टच्या पुढे. बोटं बघा, टोकाला निळसर पांढरी पडली आहेत. याच बोटाला त्या सकाळी रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी दाखवणारा ऑक्सिमीटर लावला, तेव्हा आकडा आला ८४. त्याच वेळी घरात त्यांच्या सुनेचं डोकं दुखत होतं, उलट्या होत होत्या, पाय लटपटत होते. तिच्या बोटावर आकडा आला ९८.

मुलगा सांगतो, "मशीन आईला आजारी म्हणत होतं अन् उलट्या हिला होत होत्या. न्यायचं कोणाला, तेच समजंना."

दोन्ही आकडे चुकीचे होते. मशीनमध्ये मात्र काही बिघाड नव्हता.

(अंधारी खोली. बोट चिमट्यात. नखातून आरपार येणारा लाल उजेड.)

ऑक्सिमीटरचा चिमटा उघडला की वरच्या बाजूला दोन बारीक दिवे असतात. एक लाल, तो आपल्याला दिसतो. दुसरा अवरक्त, तो डोळ्यांना दिसत नाही. लाल प्रकाशाची तरंगलांबी साधारण ६६० नॅनोमीटर, अवरक्ताची ९४० च्या आसपास. खालच्या बाजूला प्रकाश टिपणारा एक छोटा काळा चौकोन. दोन्ही दिवे सेकंदाला कितीतरी वेळा आळीपाळीने लागतात आणि बोटातून पार होऊन किती उजेड खाली पोहोचला, ते हा चौकोन मोजतो.

ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन लालभडक असतं, ते लाल प्रकाश बराचसा जाऊ देतं आणि अवरक्त जास्त शोषतं. ऑक्सिजन सोडून दिलेलं हिमोग्लोबिन काळपट असतं, ते लाल प्रकाश जास्त शोषतं. या फरकावर सगळं यंत्र उभं आहे.

पण बोटात रक्ताखेरीज त्वचा आहे, हाड आहे, नख आहे, शिरांमधलं परतीचं रक्त आहे. प्रकाश ते सगळेच शोषतात. मग धमनीतल्या रक्ताचा हिशोब वेगळा कसा काढायचा?

(पडद्यावर नाडीची लाट, वर खाली होताना.)

याचं उत्तर जपानमध्ये ताकुओ आओयागी या अभियंत्याला मिळालं. निहोन कोहदेन या कंपनीत ते हृदयातून किती रक्त बाहेर पडतं, ते मोजण्याची पद्धत शोधत होते. रक्तात रंग सोडायचा आणि कानाच्या पाळीतून प्रकाश पाठवून तो रंग किती वेगाने विरतो, ते पाहायचं. मोजणीत सारखा एक अडथळा यायचा. प्रत्येक ठोक्याबरोबर आलेख थरथरायचा. ती थरथर घालवण्याच्या खटपटीत त्यांच्या लक्षात आलं की ठोक्यागणिक बदलतं ते फक्त धमनीतलं रक्त. त्वचा, हाड, नख जसंच्या तसं राहतं. म्हणजे बदलणारा भाग तेवढा उचलला की बाकी सगळं आपोआप वजा होतं. ज्याला ते अडथळा समजत होते, तेच मोजायला हवं होतं. हे साल १९७४. आज दुकानात मिळणारा प्रत्येक चिमटा याच तत्त्वावर चालतो. आओयागी एप्रिल २०२० मध्ये वारले. कोविडमुळे त्यांचं यंत्र जगभर घरोघर पोहोचत होतं, ते हेच दिवस.

हा बदलणारा भाग किती असतो? बोटातून येणाऱ्या एकूण उजेडाच्या साधारण एक-दोन टक्के. एवढ्या बारीक हालचालीवरून यंत्र लाल आणि अवरक्त यांचं गुणोत्तर काढतं. मग निरोगी माणसांवर आधी घेतलेल्या नोंदींशी ते ताडून टक्केवारी दाखवतं. दोन्ही प्रकाशांची थरथर सारखीच असेल, म्हणजे गुणोत्तर एक आलं, तर पडद्यावर येतं साधारण ८५. हा ८५ ध्यानात ठेवा.

(आजींचं बोट, जवळून. ऑक्सिमीटरचा पडदा. लाट जवळपास सपाट.)

आता आजींकडे येऊ. थंडीत शरीर हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळतं, म्हणजे आतली ऊब टिकते. बोटात रक्त असतं, पण ठोक्याची उसळी फार कमी झालेली असते. एक टक्का थरथर होती तिथे त्याचा लहानसा अंश उरतो. मग बोट हललं, बाहेरचा उजेड शिरला की ती गडबडच ठोक्यापेक्षा मोठी ठरते. गडबड लाल प्रकाशातही तेवढीच आणि अवरक्तातही जवळपास तेवढीच. गुणोत्तर एककडे सरकतं आणि आकडा घसरत ८५ च्या आसपास येतो. आजींचा ८४ असा आला होता. त्यांच्या रक्तात ऑक्सिजन भरपूर होता.

ही चूक ओळखता येते. पडदा पुन्हा बघा. लाट उठत नाही, शेजारची पट्टी अडखळत चढते. यंत्र नाडी दाखवतंय १४२, आणि मुलाने मनगटावर बोटं ठेवून मोजली ती ७६. यंत्राला नाडीच सापडली नसेल तर त्याच्या ऑक्सिजनच्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. काही यंत्रांवर पीआय नावाचा आकडा असतो, ठोक्याची उसळी किती ते सांगणारा. इथे तो ०.२ आहे.

(कोमट पाण्याचं भगोनं. आजी हात बुडवून बसलेल्या. मग पुसून पुन्हा चिमटा.)

पाच-सात मिनिटं कोमट पाण्यात हात, मग कोरडे करून मधल्या बोटाला चिमटा, हात मांडीवर स्थिर. मिनिटभर थांबायचं, पहिला आकडा धरायचा नाही. पीआय २ च्या वर गेला. लाट उठली. नाडी ७८. ऑक्सिजन ९७.

गडद नेलपॉलिश आणि काळी मेंदी यांनीही आकडा खाली जातो किंवा येतच नाही. दुसरं बोट घ्यावं. सावळ्या-काळ्या त्वचेवर यंत्र खऱ्यापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवू शकतं, हे आपल्याकडच्या माणसाला ठाऊक असलंच पाहिजे.

(न्हाणीघर. भिंतीवर गॅस गिझर. झरोक्यात कोंबलेलं गोणपाट.)

सुनेचा ९८ मात्र कुठल्याही लाटेवरून ओळखता आला नसता. तिची बोटं गरम होती. लाट सुरेख होती. नाडी बरोबर होती.

हे न्हाणीघर चार फूट बाय सहा फूट. भिंतीवर गॅसचा गिझर, आतच. थंडी आत येऊ नये म्हणून झरोका गोणपाटाने बंद केलेला. दार लावलेलं. गॅस जळायला हवेतला ऑक्सिजन लागतो. एवढ्याशा खोलीत तो काही मिनिटांतच कमी पडायला लागतो, ज्योत पिवळी होते, आणि अर्धवट जळणातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. गॅस गळतीचा जो वास आपल्याला माहीत आहे तोही इथे येत नाही, कारण गॅस गळत नाही, जळतोय. बंद खोलीत रात्री कोळशाची शेगडी ठेवली की हेच होतं.

कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. आणि असं हिमोग्लोबिन दिसायला लालभडक असतं. ६६० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशात ते ऑक्सिजन घेतलेल्या हिमोग्लोबिनसारखंच वागतं. चिमट्यात दिवे दोनच. दोन दिव्यांनी दोन प्रकारचं हिमोग्लोबिन वेगळं करता येतं, तिसरं आलं की यंत्र त्याला ऑक्सिजनच्या खात्यात टाकतं.

(रक्ताचा अहवाल. बोट एका ओळीवर.)

हा त्या दिवशीचा अहवाल. शंभरातलं ७२ हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहत होतं. २६ वर कार्बन मोनॉक्साइड बसला होता. दोन रिकामं. चिमट्याने ७२ आणि २६ एकत्र धरले, आणि पडद्यावर आलं ९८.

१९८७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कुत्र्यांच्या रक्तातलं ७० टक्के हिमोग्लोबिन कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेलं असतानाही ऑक्सिमीटर ९० च्या जवळपास दाखवत होता.

(रुग्णालयाचा व्हरांडा. भूलतज्ज्ञ बोलताना.)

तिथे हजर असलेल्या भूलतज्ज्ञ बाईंनी दोनच प्रश्न विचारले. "घरात गॅस गिझर आहे का? आणि आज आणखी कोणाचं डोकं दुखतंय?" सुनेच्या आधी सात वर्षांच्या मुलीने अंघोळ केली होती. तिचंही डोकं दुखत होतं, बाहेर अंगणात आल्यावर थांबलं. एकाच छपराखाली एकाच सकाळी दोघांना तोच त्रास, आणि मोकळ्या हवेत उतार. निदान इथेच झालं होतं, रक्ताने ते पक्कं केलं.

रक्ताची तपासणी सांगतानाही एक गोष्ट बोलून दाखवावी लागते. धमनीच्या रक्ताची साधी वायुतपासणी करणारी काही यंत्रं ऑक्सिजनच्या दाबावरून टक्केवारीचा हिशोब मांडतात, तीही अशा रुग्णात फसतात. मागायची ती को-ऑक्सिमेट्री. ती अनेक तरंगलांबी वापरून कार्बॉक्सीहिमोग्लोबिन, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड बसलेलं हिमोग्लोबिन, वेगळं मोजते. रक्त लवकर घ्यावं लागतं, कारण साध्या हवेत हे प्रमाण चार-पाच तासांत निम्मं होतं आणि ऑक्सिजन चालू असेल तर तास-सव्वा तासातच. पण अहवालासाठी ऑक्सिजन अडवून ठेवत नाहीत. इथे मास्क आधी लावला, पिशवीवाला, पूर्ण ऑक्सिजनचा. चार तासांनी पुन्हा रक्त घेतलं, २६ चे ४ झाले होते. बोटावरचा आकडा त्या चार तासांत जागचा हलला नाही, म्हणून उपचार कधी थांबवायचे ते त्यावरून ठरवता आलं नाही.

अशा रुग्णांपैकी काहींना आठवड्या-दोन आठवड्यांनी विसरभोळेपणा येतो, चाल बिघडते, म्हणून तिला पुन्हा तपासणीला बोलावलं आहे.

(न्हाणीघराची बाहेरची भिंत. गिझरची नवी जागा. प्लंबर पाइप जोडताना.)

गिझर आता बाहेरच्या भिंतीवर आहे. आत फक्त गरम पाण्याचा पाइप येतो. झरोक्यातलं गोणपाट काढलं आहे, त्या जागी जाळी बसवली आहे.