बांबू झाड की गवत? एका परवान्याची गोष्ट

(दृश्य: गडचिरोली जिल्ह्यातलं एक अंगण. एक म्हातारा बुरूड ओला बांबू कोयत्यानं चिरतो आहे. बाजूला अर्धं विणलेलं सूप.)

बांबू चिरताना आधी शेंड्याकडून कोयता टेकवायचा, मग हलकेच दाबत न्यायचा. गाठीपाशी टक्‌ असा आवाज होतो आणि बांबू सरळ दुभंगतो. या आजोबांनी आयुष्यभर हेच केलं. बांबू कुठून आणता, असं विचारलं तर हात न थांबवता म्हणाले, "रानातून. रान आपलंच आहे भाऊ, पन आनाचा कागद त्यायचा."

वनखात्याच्या या कागदाला वाहतूक परवाना म्हणतात. जंगलातून निघालेला माल कुणाचा, किती, कुठून कुठे चालला आणि कुठल्या तारखेपर्यंत, हे त्यावर लिहिलेलं असतं. कागद नसेल तर माल जप्त होतो आणि नेणाऱ्यावर गुन्हा नोंदला जातो. पूर्व विदर्भातलं आजचं राजकारण समजून घ्यायचं असेल, तर मला वाटतं सुरुवात या कागदापासून करावी.

(दृश्य: जुना नकाशा. नागपूर, चांदा, भंडारा.)

१८५४ साली नागपूरचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत उभा राहिला. रेल्वेच्या रुळांखाली घालायला लाकूड हवं होतं, तिजोरीला महसूल हवा होता. १८६५, १८७८ आणि १९२७ असे एकामागून एक वनकायदे आले. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमातल्या दोन तरतुदी आपण जरा थांबून वाचू.

पहिली आहे कलम २ मधली 'झाड' या शब्दाची व्याख्या. त्यात बांबू घातलेला होता. वनस्पतीशास्त्र बांबूला गवत म्हणतं, गावातली पोरंही ते सांगतील. पण कायद्यानं बांबू झाड ठरला, आणि सागाला जो बंदोबस्त तोच टोपलीच्या काडीलाही लागू झाला.

दुसरी तरतूद आहे कलम ६९. वनोपज, म्हणजे जंगलातून निघालेला माल, सरकारचा आहे की नाही असा वाद उठला, तर उलट सिद्ध होईपर्यंत तो सरकारचाच मानायचा, असं हे कलम सांगतं. म्हणजे खटल्यात सरकारला आपली मालकी सिद्ध करावी लागत नाही. डोक्यावर मोळी असलेल्या बाईनं ती मोळी आपली आहे, हे सिद्ध करायचं. सगळ्या व्यवस्थेचं वजन या एका कलमात आहे.

(दृश्य: पुसदचा परिसर, वाऱ्यानं वाकलेलं गवत.)

लोकांना हे तेव्हाही कळत होतं. जुलै १९३० मध्ये बापूजी अणे यांनी पुसदला राखीव जंगलातलं गवत कापून कायदा मोडला आणि ते तुरुंगात गेले. मिठासाठी समुद्र लागतो. वऱ्हाडात समुद्र नाही, म्हणून सत्याग्रह गवताचा झाला.

सतरा वर्षांनी देश स्वतंत्र झाला. १९२७ चा कायदा राहिला. कलम ६९ राहिलं. बांबू झाडच राहिला.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. सगळा दोष इंग्रजांवर टाकला तर अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखं होईल. १९५१ मध्ये मध्य प्रदेशात जमीनदारी आणि मालगुजारी संपली. विदर्भाचे हे जिल्हे तेव्हा त्याच राज्यात होते. जमीनदाराच्या जाचातून कुळं सुटली, हे खरंच. पण जमीनदारांकडची जंगलंही सरकारजमा झाली. घरासाठी बांबू, जळणाला लाकूड, गुरांना चराई हा गावाचा वहिवाटीचा हक्क, ज्याला इकडे निस्तार म्हणतात, तो हळूहळू खात्याच्या परवानगीची बाब झाला. दुसरीकडे कागद कारखान्यासाठी याच जंगलातल्या बांबूचे दीर्घ मुदतीचे करार झाले. हे निर्णय आपण निवडून दिलेल्या सरकारांनी घेतले. साहेबानं तयार केलेलं हत्यार नव्या राज्याला सोयीचं वाटलं, म्हणून ते टिकलं.

(दृश्य: तालुक्याच्या कार्यालयाबाहेर बसलेली माणसं, हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागदपत्रं.)

याचा राजकारणाशी संबंध कसा? बघा. जिथे रोजच्या गरजेला सही लागते, तिथे सही मिळवून देणारा माणूस पुढारी होतो. गावाकडे कार्यकर्त्याचं कौतुक करताना म्हणतात, "त्याचं हापिसात वजन आहे." धोरण काय असावं यापेक्षा, साहेबांना फोन कोण लावेल हे महत्त्वाचं ठरतं. लोक हक्क मागत नाहीत, काम करून मागतात. ही सवय लोकांच्या स्वभावातून आलेली नाही. पिढ्यान्‌पिढ्या हक्काच्या जागी परवानगी ठेवली की असंच होतं.

(दृश्य: धानोरा तालुका. लेखा-मेंढा गावाची पाटी.)

आता या गावात येऊ. मेंढा, म्हणजे लेखा-मेंढा. शे-दीडशे घरांचंही नसलेलं गोंडांचं गाव. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा इथली. २००६ मध्ये वनहक्क कायदा आला. त्याच्या उद्देशिकेतच मान्य केलंय की वसाहतकाळात आणि स्वतंत्र भारतातही वनवासींचे हक्क नीट नोंदले गेले नाहीत, हा ऐतिहासिक अन्याय झाला. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला.

दाव्यासाठी पुरावा काय द्यायचा? नियमांत गॅझेटियर, जमाबंदीचे अहवाल, वनखात्याच्या कार्ययोजना हे सगळं चालतं. ज्या दप्तरांतून हक्क आक्रसले, त्याच दप्तरांत गावाची वहिवाट कारकुनांनी लिहून ठेवली होती. साहेबाचं दप्तर साहेबाच्या कायद्याविरुद्ध साक्षीला उभं राहिलं.

पण हक्क कागदावर आला तरी बांबू विकता येईना. नव्या कायद्यात बांबू गौण वनोपज, म्हणजे गावाचा. जुन्या कायद्यात तो झाड, म्हणजे खात्याचा. ग्रामसभेनं परवाना मागितला, खातं देईना. तोडायचा हक्क आहे पण न्यायचा नाही! विकत घेणाऱ्याच्या ट्रकपर्यंत जो माल पोचत नाही, त्याच्या मालकीला काय किंमत?

अखेर तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबू गौण वनोपज मानायला सांगितलं, आणि २७ एप्रिल २०११ रोजी मेंढ्यात येऊन परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. २०१२ च्या नियमांनी हा अधिकार इतर गावांसाठीही लिहून ठेवला. २०१७ मध्ये अध्यादेशानं बांबू 'झाडा'च्या व्याख्येतून निघाला. नव्वद वर्षांनी गवत पुन्हा गवत झालं. तेही शेतातल्या बांबूपुरतंच सोपं झालं. जंगलातून आलेला बांबू अजून वनोपजच आहे आणि त्याला परवाना लागतोच.

मग प्रत्येक गाव मेंढा का झालं नाही? इंग्रजांचा वारसा तर सगळ्यांना सारखाच होता. मेंढ्यात वर्षानुवर्षं अभ्यासगट बसत होते आणि निर्णय मतदानानं नाही, सर्वसहमतीनं होत होते. शेजारच्या कित्येक गावांना हक्कपत्र मिळालं, पण हिशेब ठेवणारं, ठेकेदाराशी भाव ठरवणारं कुणी तयार नव्हतं. अशा ठिकाणी खात्याच्या जागी ठेकेदार आला आणि सही विकत मिळू लागली. जुना कायदा दार बंद का होतं ते सांगतो. दार उघडल्यावर आत कोण शिरलं, ते गावागणिक पाहावं लागतं.

(दृश्य: ग्रामसभेच्या खोलीतलं टेबल. परवान्याचं पुस्तक उघडलं जातं.)

रकाने तेच आहेत. माल, नग, कुठून, कुठे, मुदत. ग्रामसभेनं नेमलेला माणूस कार्बन सरळ करतो, दाबून लिहितो, खाली सही करतो. वरचा कागद फाडून ट्रकवाल्याला देतो. खालची प्रत पुस्तकात राहते, आणि पुस्तक गावात.