१७१५ दिसलं म्हणजे कीटोनच का?

मित्रहो, प्रॅक्टिकलच्या तोंडी परीक्षेत एक प्रश्न हमखास विचारला जातो. समोर इन्फ्रारेड स्पेक्ट्रम ठेवतात, १७१५ जवळची मोठी दरी दाखवतात आणि विचारतात, हे काय आहे? विद्यार्थी पाठ केलेला तक्ता आठवतो आणि म्हणतो, "कीटोन." परीक्षक मान डोलावतात आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात. माझं म्हणणं असं, की एवढ्यावर ते उत्तर स्वीकारायला नको. १७१५ या आकड्यावरून आपल्याला एकच गोष्ट खात्रीने कळते: रेणूत C=O आहे. तो कीटोनचा, एस्टरचा की कार्बोक्झिलिक आम्लाचा, हे ठरवायला स्पेक्ट्रमवर आणखी दोन ठिकाणी जावं लागतं.

आधी हा आकडा येतो कुठून ते पाहू. दोन अणूंमधला बंध सतत लांब-आखूड होत असतो. त्याची गती दोन गोष्टींवर ठरते, अणू किती जड आहेत आणि बंध किती ताठ आहे. कार्बन आणि ऑक्सिजनमध्ये दुहेरी बंध असेल, तर कंपन सेकंदाला सुमारे ५१ लाख कोटी वेळा होतं. एवढे आकडे रोज लिहिणं जमणार नाही, म्हणून हे कंपन जो इन्फ्रारेड प्रकाश शोषतं, त्याच्या एका सेंटीमीटरमध्ये किती लहरी मावतात ते आपण मोजतो. ती तरंगसंख्या १७०० च्या आसपास येते. त्याच दोन अणूंमधला एकेरी बंध सैल असतो, म्हणून तो १००० ते १३०० मध्ये सापडतो. अणू तेच आहेत, फरक फक्त ताठपणाचा आहे. आजच्या विषयाचा सगळा उलगडा याच ताठपणात आहे: C=O च्या शेजारी कोण बसलंय आणि तो शेजारी बंधाला ताठ करतो की सैल?

प्रयोगशाळेत नेहमी असणाऱ्या तीन बाटल्या घेऊ. ॲसिटोन, इथाइल ॲसिटेट आणि ॲसिटिक आम्ल. तिन्हींत CH₃ ला जोडलेला C=O आहे. बदलतो तो दुसऱ्या बाजूचा शेजारी. ॲसिटोनमध्ये तिथे आणखी एक CH₃ आहे आणि आकडा येतो १७१५.

इथाइल ॲसिटेटमध्ये शेजारी ऑक्सिजन येतो आणि आकडा १७४० च्या थोडा वर चढतो. हा ऑक्सिजन दोन कामं करतो आणि ती एकमेकांच्या विरुद्ध आहेत. इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढून तो कार्बोनिलचा दुहेरीपणा वाढवतो, बंध ताठ होतो. त्याच वेळी स्वतःची मोकळी इलेक्ट्रॉनजोडी कार्बोनिलकडे सरकवून तो दुहेरीपणा कमीही करतो, बंध सैल होतो. एस्टरमध्ये ओढण्याची बाजू वरचढ ठरते, म्हणून आकडा वर जातो. ऑक्सिजनच्या जागी नायट्रोजन बसवून अमाइड केलं, की देण्याची बाजू जिंकते आणि आकडा १७०० च्या खाली उतरतो. हा हिशोब एकदा मनात बसला, की तक्ता पाठ करायची फारशी गरज उरत नाही.

आता ॲसिटिक आम्ल. इथेही शेजारी ऑक्सिजनच आहे, मग आकडा एस्टरसारखा वर जायला हवा. प्रत्यक्षात द्रवरूप ॲसिटिक आम्लाचा पट्टा १७१० च्या आसपास, म्हणजे जवळजवळ ॲसिटोनच्याच जागी दिसतो. कारण आम्लाचा रेणू एकटा नसतो. दोन रेणू समोरासमोर येऊन एकाचा O–H दुसऱ्याच्या C=O ला, आणि दुसऱ्याचा पहिल्याला, अशी हायड्रोजन बंधांची जोडी जमवतात. हायड्रोजन कार्बोनिलच्या ऑक्सिजनला आपल्याकडे खेचतो आणि C=O सैल होतो. हेच आम्ल कार्बन टेट्राक्लोराइडमध्ये खूप विरळ केलं, की जोड्या फुटू लागतात आणि १७६० जवळ एकट्या रेणूचा पट्टा डोकं वर काढतो. म्हणजे आम्लाचा मूळ स्वभाव वरच्या आकड्याचाच आहे. आपल्याला नेहमी जोडीतलं आम्ल भेटतं, म्हणून तो दिसत नाही.

तर १७१० की १७१५, या पाचाच्या फरकावर निकाल देणं धोक्याचं आहे. नमुना द्रवाचा थर आहे, द्रावण आहे की घन, एवढ्यानेही आकडा काही अंकांनी सरकतो. म्हणून नजर डावीकडे न्या, ३३०० पासून २५०० पर्यंत. ॲसिटोनमध्ये तिथे ३००० च्या अलीकडे-पलीकडे C–H चे बारीक पट्टे दिसतील आणि बाकी रेषा सपाट असेल. आम्लात तो सगळा प्रदेश एका रुंद, उतरत्या दरीने व्यापलेला असतो आणि C–H चे दात त्या दरीच्या आतून वर आलेले दिसतात. हा जोडीतला O–H. अल्कोहोलचा O–H पण रुंद असतो, पण तो ३३५० च्या आसपास आपली गोलाई घेऊन संपतो, C–H वर असा चढून बसत नाही. आम्ल ओळखताना मी आकड्यापेक्षा या आकारावर जास्त विश्वास ठेवतो. शिवाय ९३० च्या जवळ O–H च्या वाकण्याचा एक पसरट पट्टा मिळाला, तर जोडी आहे याची आणखी एक साक्ष मिळते.

एस्टरसाठी उजवीकडे जायचं. इथाइल ॲसिटेटमध्ये १२४० ला C–O चा पट्टा आहे आणि तो C=O च्या तोडीचा खोल आहे. १०५० जवळ दुसरा आहे. मात्र इथे एक सापळा आहे. ॲसिटोनलाही १२२० च्या जवळ पट्टा असतो. तो C–O चा नाही, कार्बोनिलच्या दोन्ही बाजूंच्या C–C बंधांचा आहे. फक्त "१२०० च्या वर काहीतरी आहे" एवढं पाहून एस्टर म्हटलं, तर ॲसिटोनही एस्टर ठरेल! खोलीची तुलना करायची. कीटोनमध्ये तो C=O पेक्षा स्पष्ट उथळ असतो. आणि १०५० च्या बाजूला त्याचा जोडीदार सापडतो का तेही पाहायचं.

दुसरा सापळा उलट बाजूचा आहे. सायक्लोपेंटॅनोन हे कीटोन आहे, पण त्याचा C=O १७४५ जवळ येतो, अगदी एस्टरच्या घरात. सहा कार्बनच्या वलयात, म्हणजे सायक्लोहेक्झॅनोनमध्ये, आकडा १७१५ असतो. वलय पाचाचं झालं की १७४५, चाराचं झालं की १७८० च्या आसपास. वलय लहान झालं की कार्बोनिलच्या कार्बनवरचा कोन आखडतो आणि C=O जास्त ताठ होतो. मग सायक्लोपेंटॅनोनला एस्टरपासून वेगळं करतं काय? १२४० आणि १०५० ची ती खोल जोडी त्याच्याकडे नाही.

आता हे सगळं एका खऱ्या नमुन्यावर लावू. बी.एस्सी.ला आपण सगळे ॲस्पिरिन बनवतो. सॅलिसिलिक आम्ल, ॲसेटिक अनहायड्राइड, थोडं तीव्र आम्ल, गरम करणं, बर्फाच्या पाण्यात ओतणं. या रेणूत एस्टर आणि कार्बोक्झिलिक आम्ल एकाच बेंझिन वलयावर शेजारी शेजारी आहेत, म्हणून शिकायला याहून चांगला नमुना मला माहीत नाही.

त्याच्या स्पेक्ट्रममध्ये C=O च्या प्रदेशात दोन स्वतंत्र दऱ्या दिसतात, एक १७५५ जवळ आणि दुसरी १६९० जवळ. तक्ता सांगतो एस्टर १७४० आणि आम्ल १७१०. एक वर सरकलाय, एक खाली. दोन्हींचं कारण तेच बेंझिन वलय. एस्टरच्या मधल्या ऑक्सिजनची इलेक्ट्रॉनजोडी आता वलयाकडेही ओढली जाते, कार्बोनिलला द्यायला कमी उरते, म्हणून तो बंध ताठ होऊन वर गेला. आम्लाचा C=O मात्र थेट वलयाला जोडलेला आहे. वलयाचे इलेक्ट्रॉन त्याच्यात मिसळतात, दुहेरीपणा कमी होतो आणि तो खाली उतरला. याच कारणाने ॲसिटोफिनोन हे कीटोनही १६८५ ला येतं. म्हणजे १६९० ची दरी एकटी पाहिली तर कीटोन की आम्ल, हा प्रश्न इथेही उभा राहतो. उत्तर पुन्हा डावीकडे आहे: ॲस्पिरिनमध्ये २५०० पर्यंत पसरलेली ती रुंद दरी आहे, ॲसिटोफिनोनमध्ये नाही.

कोणती दरी कुणाची, हे प्रयोगानेही दाखवता येतं. ॲस्पिरिनवर सोडियम बायकार्बोनेटची क्रिया करून मीठ बनवा आणि ते वाळवून पुन्हा स्पेक्ट्रम घ्या. आम्लाची १६९० ची दरी नाहीशी होते आणि तिच्या जागी १६०० च्या खालीवर एक, १४०० जवळ दुसरी अशा कार्बोक्झिलेटच्या दऱ्या येतात. १७५५ जागची हलत नाही. रुंद O–H ही जातो. १६०० ला वलयाचाही पट्टा असतो, म्हणून तिथली वाढ पाहण्यापेक्षा १६९० चं जाणं पाहावं. इथे सोडियम हायड्रॉक्साइड वापरू नका, ते एस्टर तोडतं आणि मग १७५५ पण जाईल.

तुमचं उत्पादन नीट झालंय का, हेही याच दोन प्रदेशांत कळतं. सॅलिसिलिक आम्लात १७५५ ला काहीच नसतं. त्याचा C=O शेजारच्याच OH शी रेणूच्या आत हायड्रोजन बंध करून १६६० जवळ उतरलेला असतो, आणि ३२४० ला त्या फिनोलच्या OH चा बराच टोकदार पट्टा असतो. तुमच्या ॲस्पिरिनमध्ये ३२४० शिल्लक दिसला, किंवा १६९० च्या उजव्या उतारावर १६६० ला खांदा आला, तर क्रिया अपुरी आहे. १८२० जवळ काही दिसलं तर अनहायड्राइड धुतलं गेलेलं नाही.

पावसाळ्यात आणखी एक काळजी घ्यावी लागते, विशेषतः मुंबई-कोकणातल्या प्रयोगशाळांत. पोटॅशियम ब्रोमाइडच्या पेलेटमध्ये ओल शिरली, की ३४०० ला रुंद पट्टा आणि १६४० ला एक छोटा पट्टा येतो. विद्यार्थी पहिल्याला फिनोल आणि दुसऱ्याला सॅलिसिलिक आम्ल समजतात. ३४०० आणि ३२४० मधलं अंतर आणि पट्ट्याची रुंदी पाहिली तर फसायला होत नाही. तरी शंका असेल, तर पावडर ओव्हनमध्ये वाळवून नमुना न घालता कोरी पेलेट बनवा आणि तिचा स्पेक्ट्रम शेजारी ठेवा. जे दोन्हींत आहे ते पाणी.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा. सॅलिसिलिक आम्ल नमुन्यात शेकड्याला एखादा भाग एवढंच उरलं असेल, तर त्याचा ३२४० आणि १६६० ॲस्पिरिनच्या रुंद दऱ्यांत बुडून जातात आणि स्पेक्ट्रम स्वच्छ दिसतो. तेव्हा त्याच नमुन्याचा कण अल्कोहोलमध्ये विरघळवून फेरिक क्लोराइडचा थेंब टाका. जांभळा रंग आला, तर फिनोल शिल्लक आहे. ॲस्पिरिनचा OH एस्टरमध्ये बांधलेला असल्यामुळे शुद्ध ॲस्पिरिन हा रंग देत नाही.