पेढा आधी की चहा आधी?

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या महिन्यात आमच्या राजारामपुरीतल्या घरी भिशी होती. बारा जणी. एक मैत्रीण अंबाबाईचं दर्शन घेऊन थेट आली आणि दारातच तिनं सगळ्यांच्या हातावर पेढा ठेवला. पाच मिनिटांत मी चहा दिला, तर पहिलीच म्हणाली, "अगं, साखर घालायची इसरलीस व्हय?" दुसरीनं मान डोलावली. मी निमूट साखरेचा डबा आणला. आतल्या खोलीत आमच्या ह्यांना त्याच पातेल्यातला चहा दिला होता. त्यांनी पेढा खाल्ला नव्हता. ते म्हणाले, "आज जरा गोडच झालाय."

चहा एकच होता. पेढ्याच्या गोडीला जीभ सरावली की त्यापुढं चहातली साखर जाणवतच नाही आणि मागं उरतो तो कडवटपणा. तेव्हापासून मी पदार्थ ठरवण्याआधी त्यांचा क्रम ठरवते: ताजं आधी, तळलेलं चहाबरोबर आणि गोड सगळ्यात शेवटी.

पाहुणे काही एकदम येत नाहीत. साडेपाचला बोलावलं की सहा वाजेपर्यंत येतच असतात. तेवढ्या वेळात काकडीच्या फोडी आणि भडंग पुढं ठेवायचं, सोबत जिरं घातलेलं, आंबट नसलेलं पातळ ताक. बारा जणींना पाव किलो चुरमुऱ्यांचं भडंग पुरतं. भरपूर लसूण, शेंगदाणे आणि कढीपत्ता घालून ते सकाळीच करून घट्ट डब्यात ठेवावं. कांदा, कोथिंबीर मात्र ताटलीत वाढल्यावरच घालायची. आधी कालवलं तर दहा मिनिटांत सादळतं. काकडीचंही तसंच. मीठ लागलं की तिला पाणी सुटतं, म्हणून मीठ-तिखट वेगळ्या वाटीत द्यावं. आणि देठाकडचा तुकडा आधी स्वतः चाखावा. एक कडू काकडी सगळ्या ताटाचा विचका करते.

काकडीवर लिंबू पिळायचा मोह होतो, पण पुढं दुधाचा चहा असेल तर नको. आंबट तोंडावर तो चहा फाटल्यासारखा लागतो.

आता भजी. तळलेला पदार्थ एकच करावा असं माझं ठाम मत आहे. भजी, वडे आणि वर पापड असं तिन्ही केलं की यजमानीणबाई सगळी संध्याकाळ कढईपाशीच उभी. पाऊण किलो कांदा उभा पातळ चिरावा, मीठ चोळून पंधरा मिनिटं ठेवावा. जे पाणी सुटेल त्यात मावेल तेवढंच बेसन भुरभुरायचं, त्यात तिखट, ओवा आणि चमचाभर कडकडीत तेल. वरून पाणी घालायचं नाही. पाणी पडलं की पीठ कांद्यावर जाड बसतं आणि भजी आत मऊ राहतात. तेल तापलं का हे पिठाच्या थेंबावरून कळतं. थेंब तळाशी बसून राहिला तर तेल गार, लगेच काळवंडला तर जास्त तापलंय. बुडबुडे काढत सावकाश वर आला की भजी सोडायची. गार तेलातली भजी तेल पितात, आणि मग चहाला दोष दिला जातो.

भज्यांबरोबर चहा कडकच हवा. चहाच्या तुरटपणानं तोंडातला तेलकटपणा निघतो. दूध जास्त झालं तर तो तुरटपणाच बुजतो. बारा छोट्या कपांना मी पाऊण लिटर पाणी आणि अर्धा लिटरपेक्षा थोडं जास्त दूध घेते. कोल्हापुरात गुळाचा चहा मागणारे असतातच, आणि गुळानं दूध नासायची भीतीही असते. म्हणून पाण्यात आलं आणि चहा पावडर उकळावी, गॅस बंद करून गूळ विरघळवावा, मग चहा गाळून त्यात वेगळं तापवलेलं दूध ओतावं. यानंतर चहा परत गॅसवर नको. गूळ आणि दूध एकत्र उकळलं तर दूध नासू शकतं. उशिरा येणाऱ्यांसाठी कोरा गुळाचा चहा थर्मासमध्ये ठेवते आणि दूध आयत्या वेळी मिसळते.

गोड द्यायचं ते कप उचलल्यावर, निदान पंधरा-वीस मिनिटांनी. भज्यांनंतर तुपातलं जड गोड कोणी खात नाही. नारळाची एकेक वडी बास. सोबत पाणी, नाहीतर दूधकट्ट्यावरच्यासारखं अर्धा पेला साधं दूध.

परवाच्या भिशीला ती मैत्रीण पुन्हा अंबाबाईचे पेढे घेऊन आली. मी पुडा हातातून घेतला, देवापुढं ठेवला आणि म्हणाले, "सात वाजता." ती जरा फुगली. पण चहात साखर कोणी मागितली नाही.