विलंब शुल्काची ओळ वेगळी ठेवा
(ठाण्यातील फ्लॅटमालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांचा दुसरा फ्लॅट घोडबंदर रोडला आहे आणि उरलेल्यांचा खारघरला, असं गृहीत धरतो. ज्यांचा एकच फ्लॅट आहे आणि तेही त्यात भाड्याने राहतात, त्यांनी मागच्या रांगेत बसून नोंदी घ्याव्यात. पत्र कसं येणार ते आधीच कळेल.

विषय आहे दोन महिन्यांचं भाडं थकल्यावर पाठवायचं पत्र. ते पत्र कसं लिहायचं हे मी शेवटी सांगणार आहे. आधी विलंब शुल्काच्या कलमाबद्दल बोलू द्या, कारण पत्र बिघडतं ते तिथेच.

एक उदाहरण घेऊ. ऐरोलीतला वन बीएचके, अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार, रीतसर नोंदवलेला. महिना २४,००० रुपये, डिपॉझिट ७५,०००. कलम सांगतं की रक्कम दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत द्यावी आणि १० तारखेनंतर दररोज १०० रुपये विलंब शुल्क लागेल. ऑगस्ट आणि सप्टेंबर थकले आहेत. पत्राची तारीख २५ सप्टेंबर.

आता मोजा. ऑगस्टच्या हप्त्याला ११ ऑगस्टपासून दिवस लागतात : ऑगस्टचे २१, सप्टेंबरचे २५, एकूण ४६ दिवस, म्हणजे ४,६०० रुपये. सप्टेंबरच्या हप्त्याला ११ ते २५ असे १५ दिवस, १,५०० रुपये. बेरीज ६,१००. बरेच मालक इथे ‘दोन महिने म्हणजे साठ दिवस, सहा हजार’ असं डोक्यातल्या डोक्यात करतात. शंभराचाच फरक पडतो, पण समोरचा माणूस कॅलेंडर काढून बसला की त्या शंभरावरून तुमचा सगळा हिशेब संशयात जातो.

याहून मोठी भानगड कलमाच्या भाषेत आहे. ‘दररोज १०० रुपये’ हे प्रत्येक थकलेल्या हप्त्यामागे, की काहीही थकलेलं असेपर्यंत एकूण १००? कलमात स्पष्ट नसेल तर दुसरा अर्थही लागतो आणि मग आकडा ६,१०० नाही, ४,६०० होतो. अशा वेळी पत्रात कमी आकडा लिहावा, असं माझं ठाम मत आहे. दीड हजारासाठी अठ्ठेचाळीस हजारांच्या मागणीला वाद चिकटवण्यात काय शहाणपण?

आता माझी जुनी तक्रार. हे कलम करारात येतं कुठून? मालकाने ठरवलेलं नसतं, भाडेकरूने वाचलेलं नसतं. एजंटाच्या संगणकात एक फाइल असते. त्यात नावं, पत्ता, रक्कम बदलते, बाकी करार तसाच, मग फ्लॅट कळव्यात असो की सीवूड्सला. त्यातच कुठे कुठे ‘दररोज ५०० रुपये’ असतात. मालक खूश : ‘कडक ठेवलंय!’ आपल्या उदाहरणात ५०० लावून पाहा. ६१ हप्ता-दिवस गुणिले ५००, म्हणजे ३०,५०० रुपये. थकबाकी ४८,०००, दंड साडेतीस हजार. सावकारसुद्धा लाजेल.

कायदा इथे काय म्हणतो? भारतीय करार कायदा, १८७२, कलम ७४. करारात दंडाची रक्कम लिहिली म्हणून ती तेवढीच्या तेवढी मिळते असं नाही. मिळते ती वाजवी भरपाई, आणि लिहिलेला आकडा ही तिची वरची मर्यादा. आपले सभ्य वाटणारे १०० रुपयेसुद्धा तपासा : वर्षाचे ३६,५०० होतात, तेही २४,००० च्या हप्त्यावर, म्हणजे दीडशे टक्क्यांच्या वर. त्याऐवजी वर्षाला १८ टक्के व्याज धरलं, तर ४६ आणि १५ दिवसांचं मिळून साधारण ७२२ रुपये भरतात. वादात पडलं तर तुमचे ६,१०० या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी येऊन थांबू शकतात, हे मनात ठेवूनच पत्र लिहायचं.

म्हणून माझा आग्रह एवढाच : थकलेली रक्कम आणि विलंब शुल्क एका आकड्यात मिसळू नका. ‘तुमच्याकडून ५४,१०० येणे आहे’ असं लिहिलंत, की भाडेकरू विलंब शुल्कावर भांडतो आणि त्या भांडणाच्या आडोशाला ४८,००० अडकवून ठेवतो. वेगळं लिहिलंत, तर ४८,००० वर त्याला बोलायला जागाच राहत नाही. शिवाय वेगळी ओळ सोडून देता येते. ‘४८,००० रुपये १० ऑक्टोबरपर्यंत पूर्ण जमा झाले, तर विलंब शुल्क या वेळेपुरतं माफ करेन, कलम पुढेही लागू राहील.’ हे वाक्य दंडाच्या धमकीपेक्षा लवकर पैसे आणतं. ‘या वेळेपुरतं’ मात्र विसरू नका, नाहीतर पुढच्या वेळी ‘तुम्ही माफ करताच’ असं ऐकावं लागेल.

एक ‘दुप्पट’वाले असतात. ‘कायद्याने दुप्पट भाडं मिळतं’ असं ऐकून तेही पत्रात घालतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९, कलम २४ मधली ती दुप्पट भरपाई परवान्याची मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्यासाठी आहे. करार चालू असताना थकलेल्या हप्त्याला ती लावली, की समोरच्या वकिलाला पहिला मुद्दा तुम्हीच दिलात.

आयोजक घड्याळ दाखवताहेत. हॉल आठला रिकामा करायचा आहे, उशीर झाला तर विलंब शुल्क, आणि तिथे कलम ७४ ऐकून घेणार नाहीत. तेव्हा पत्र भराभर सांगतो.

आधी करार नोंदवलेला आहे ना, बघा. नोंदणी ही मालकाची जबाबदारी आहे. ती नसेल तर त्याच अधिनियमाच्या कलम ५५ नुसार, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. ‘विलंब शुल्क ठरलंच नव्हतं’ म्हणाला की तुम्ही तिथेच अडकलात.

पत्रात वर तारीख, फ्लॅटचा पत्ता, कराराचा दस्त क्रमांक. मग कोणते दोन हप्ते, कोणत्या तारखेला देय होते. मग विलंब शुल्काचं कलम क्रमांकासह जसंच्या तसं, स्वतःच्या शब्दांत नको. त्याखाली दिवसांचा हिशेब. मग तारीख : ‘ताबडतोब’ नाही, ‘१० ऑक्टोबर’. ऑक्टोबरचा हप्ता यात धरलेला नाही, हेही लिहा. ‘डिपॉझिटमधून वळते करा’ हे उत्तर येणारच. करारात तशी मुभा नसेल तर डिपॉझिट हिशेब चुकता होऊन ताबा मिळाल्यावर परत करायचं आहे, हे आधीच एका ओळीत सांगून टाका. पाणी, वीज तोडण्याची किंवा कुलूप लावण्याची भाषा अजिबात नको. ते पत्र पुढे तुमच्याच विरुद्ध वाचून दाखवलं जातं.

व्हॉट्सअॅपवर पाठवा, पण तेवढ्यावर थांबू नका. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आहे, तेव्हा स्पीड पोस्टाने, पोच मागून, फ्लॅटच्या पत्त्यावर आणि करारातल्या कायमच्या पत्त्यावरही. पाकीट ‘घेण्यास नकार’ शेरा मारून परत आलं तर उघडू नका, तसंच जपा.

आणि मध्येच दहा हजार यूपीआयने आले तर? त्याने ‘ऑगस्टचं भाडं’ लिहिलं असेल, तर ते ऑगस्टच्याच खात्यात. काहीच लिहिलं नसेल आणि इतर गोष्टींवरूनही कळत नसेल, तर कुठे जमा धरायचं हे करार कायद्याच्या कलम ६० नुसार तुम्ही ठरवता. ऑगस्टच्या मूळ रकमेत धरा आणि त्याच दिवशी कळवा : ‘१०,००० मिळाले, ऑगस्टपोटी जमा, ३८,००० बाकी, विलंब शुल्काचा हक्क राखून.’

प्रश्न बाहेर, जिन्यात घेऊ.