आईचा नंबर अस्तित्वात नाही

[पाऊस, कौलांवरून पडणाऱ्या पागोळ्या. डिचोलीतलं घर. स्वयंपाकघराच्या टेबलावर एक वही, बाजूला मोबाईल.]

ही माझ्या आईची ऑर्डरची वही. चतुर्थीच्या आधी दीड महिना ती नेवऱ्या आणि लाडवांच्या ऑर्डरी घेते, दरवर्षी. साखळी, म्हापसा, पणजी सगळीकडनं फोन येतात, आणि नंबर गेली पंधराएक वर्षं तोच. वहीचं हे पान बघा, जुलैचं. वरच्या पाच-सहा ओळी भरल्यात आणि खाली सगळं कोरं. गेल्या वर्षी ह्याच पानावर लिहायला जागा उरली नव्हती.

ऑर्डरी कमी झाल्या नव्हत्या. फोन पोचत नव्हते.

झालं असं की घरात पावसाळ्यात जुन्या कंपनीची रेंज अजिबात येत नाही, अंगणात जाऊन बोलावं लागतं, म्हणून आम्ही आईचा नंबर पोर्ट करायचं, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलायचं ठरवलं. 1900 वर `PORT` आणि पुढे नंबर असा मेसेज टाकला, लगेच आठ अक्षरांचा कोड आला, तो चार दिवस चालतो, तेवढ्यात बाजारातल्या दुकानात आधार देऊन नवीन सिम घेतलं. गोवा आणि महाराष्ट्र मिळून एकच टेलिकॉम सर्कल आहे, मुंबईचं वेगळं, त्यामुळे आमचं काम सर्कलच्या आतलं, म्हणजे कामाचे तीन दिवस. 9 जुलैला रात्री जुनं सिम बंद झालं आणि सकाळी नवीन चालू. आईने मला फोन केला, घरात बसून, आवाज एकदम स्वच्छ. आम्हाला वाटलं झालं काम.

[मोबाईलच्या स्क्रीनवर बँकेचं पान, ओटीपीसाठी रिकामी चौकट.]

पाच दिवसांनी म्हापशाची एक गिऱ्हाईक बाई बसने घरी आली. म्हणाली, वहिनी, नंबर बदललात तर सांगायचं तरी, मी किती फोन केले, सारखं ऐकू येतं की हा नंबर अस्तित्वात नाही. आई म्हणे अगो नंबर तोच आहे, हा बघ फोन माझ्या हातात. तिथेच त्या बाईने समोर उभं राहून फोन लावला. आईचा फोन टेबलावर, चार कांड्या रेंज, आणि वाजला नाही.

त्याच आठवड्यात कळलं की एका बँकेचा ओटीपी येतोय आणि दुसऱ्या बँकेचा येत नाहीये.

आता इथे जरा थांबून समजून घ्यायला पाहिजे, कारण कस्टमर केअरवाले पुढचे तीन आठवडे आईला फोन बंद करून चालू करायला सांगत होते, नेटवर्क सेटिंग रिसेट करा, मग सिम बदलून घ्या, आणि ह्यातल्या कशाचाच उपयोग होणार नव्हता. बिघाड फोनमध्ये नव्हताच.

पूर्वी नंबरचे पहिले आकडे बघून कळायचं की हा कुठल्या कंपनीचा. पोर्टिंग आलं, देशभर 20 जानेवारी 2011 पासून, आणि ते आकडे कामाचे राहिले नाहीत. म्हणून आता काय होतं, तुम्ही फोन लावला की तुमची कंपनी आधी एका यादीत बघते, हा नंबर आज कोणाकडे आहे, आणि मग कॉल तिकडे पाठवते. ही मूळ यादी पोर्टिंग सांभाळणाऱ्या एजन्सीकडे असते आणि नंबर हलला की ती सगळ्या कंपन्यांना कळवते, त्यांनी आपापल्या कॉपीत तो बदल करून घ्यायचा. कॉल जिथून सुरू होतो त्या कंपनीने यादी बघायची, हा नियम. एखाद्या कंपनीच्या कॉपीत आईच्या नंबरचा बदल शिरलाच नाही, तर त्या कंपनीच्या लोकांचे कॉल अजून जुन्या घरी जातात, आणि जुनं घर म्हणतं असा नंबर आमच्याकडे नाही. बँकेच्या मेसेजचंही तसंच, बँक ज्या कंपनीमार्फत मेसेज पाठवते तिची यादी जुनी असेल तर ओटीपी तिथेच हरवला.

हे मला आधी माहीत नव्हतं. माझा एक वर्गमित्र नेटवर्कच्या कामात आहे, त्याने फोनवर सांगितलं, आणि सांगितलं की तक्रार नंतर कर, आधी टेस्ट कर.

[वहीचं नवीन पान. हाताने आखलेले रकाने: तारीख, वेळ, कुठल्या कंपनीवरून, काय ऐकू आलं.]

मग आम्ही टेस्ट केली. वाड्यावरची चार माणसं, चार फोन, तीन वेगवेगळ्या कंपन्या, आणि कोपऱ्यावरच्या दुकानातला लँडलाईन. नवीन कंपनीवरून कॉल लागला. जुन्या कंपनीवरून लागला. लँडलाईनवरून लागला. तिसऱ्या कंपनीच्या दोन्ही फोनवरून एकच उत्तर, अस्तित्वात नाही. सकाळी केलं, दुपारी केलं, दुसऱ्या दिवशी परत केलं, सारखंच. आणि नेमकं काय ऐकू येतं ते शब्द न शब्द लिहून ठेवायचं, हे मित्राने बजावून सांगितलेलं. 'अस्तित्वात नाही' असेल तर बहुतेक जुन्या कंपनीने नंबर आपल्याकडून काढलाय आणि कॉल चुकून तिकडे जातोय. 'स्विच ऑफ आहे' असं येत असेल आणि फोन चालू असेल, तर जुन्या कंपनीने नंबर अजून आपल्याकडे ठेवलेला असू शकतो. दोन्ही वेगळे बिघाड, दोन्हीचं उत्तर वेगळ्या माणसाकडे.

टेस्ट करताना अजून एक गोष्ट कळली. त्याच दुकानातून त्याच आठवड्यात पोर्ट केलेले अजून दोघे निघाले, शेजारचे तात्या आणि एक रिक्षावाला, आणि दोघांचंही असंच. त्यांना वाटत होतं पावसामुळे असेल.

आता तक्रारीचं. पोर्ट झाल्यावर तक्रार नवीन कंपनीकडेच करायची असते, बिघाड तिसऱ्याचा असला तरी, कारण आपण आता हिचे ग्राहक. 198 ला फोन केला की डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नंबर मिळतो, तो मेसेजमध्ये येतो. आमचे तीन डॉकेट झाले. पहिला 15 जुलैचा, दोन दिवसांत मेसेज, तुमची तक्रार सोडवली आहे. काहीही सोडवलं नव्हतं. आम्ही परत फोन केला, नवीन डॉकेट, परत बंद. तिसरा, परत बंद. आणि ही आमची चूक होती, हे मी मुद्दाम सांगतेय कारण सगळे हेच करतात. दरवेळी नवीन डॉकेट म्हणजे कंपनीच्या लेखी दरवेळी नवीन तक्रार, आणि जुनी सुटलेली. डॉकेट न सुटता बंद झाला की तिथूनच अपील करायचं. 2012 च्या नियमांप्रमाणे प्रत्येक कंपनीत अपील अधिकारी असतो, अपीलाला 30 दिवसांची मुदत, पैसे लागत नाहीत, आणि त्यांनी 39 दिवसांत निकाल द्यायचा. सिमसुद्धा आम्ही बदललं नाही, कारण सिम बदललं की 1 जुलै 2024 पासून सात दिवस पोर्टिंगचा कोड मिळत नाही. तसंही परत पोर्ट करून पळता येणार नव्हतं, एकदा पोर्ट केलं की 90 दिवस थांबावं लागतं.

1 ऑगस्टला अपील केलं. 39 दिवस मोजले तर 9 सप्टेंबर. चतुर्थी 27 ऑगस्टला. आई काही बोलली नाही, फक्त दोन किलो खोबरं कमी आणायला सांगितलं.

[रात्र. दिव्याखाली कागद. पेनाचा आवाज.]

म्हणून मग ट्रायला, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेला पत्र. आणि इथे परत मित्राचं ऐकलं म्हणून बरं झालं, कारण माझा पहिला मसुदा चार पानांचा होता, सगळा संताप, आईचा धंदा, कस्टमर केअरवाल्याचा टोन. तो म्हणाला हे चुकीच्या दारात चाललंय. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, ती त्यांच्या कामातच नाही, असं पत्र आलं की ते कंपनीकडे पाठवून देतात. वैयक्तिक नुकसानीसाठी ग्राहक आयोग आहे, सुप्रीम कोर्टाने 2022 मध्ये स्पष्ट केलंय की टेलिकॉम कंपनीविरुद्ध तिथे जाता येतं. ट्रायचं काम कंपन्या नियम पाळतात की नाही ते बघायचं. मग पत्रातही तेच पाहिजे, कुठला नियम कुठे पाळला जात नाहीये.

शेवटी पत्र एक पानाचं झालं. पहिली ओळ अशी:

"9 जुलै रोजी पोर्ट झालेल्या माझ्या आईच्या क्रमांकावर एका विशिष्ट कंपनीच्या नेटवर्कवरून केलेला एकही कॉल पोहोचत नाही, इतर सर्व नेटवर्कवरून पोहोचतो."

त्याखाली टेस्टचं कोष्टक, बारा कॉल, तारीख-वेळेसकट. मग तीन डॉकेट नंबर, अपीलाचा नंबर, बंद केल्याच्या मेसेजचे स्क्रीनशॉट. मग हे वाक्य, ज्याच्यावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला:

"त्याच आठवड्यात पोर्ट झालेल्या आणखी दोन क्रमांकांवर हीच अडचण आहे, त्यामुळे कॉल सुरू करणाऱ्या कंपनीच्या यादीत पोर्टिंगचे बदल नोंदले गेले आहेत का, हे तपासण्यास तिला सांगावे."

तात्या आणि रिक्षावाल्याने आपल्या सह्या दिल्या. नुकसानभरपाई मागितली नाही. 11 ऑगस्टला डिचोली पोस्टातून स्पीड पोस्ट, आणि तेच ईमेलने, एक कॉपी नवीन कंपनीच्या अपील अधिकाऱ्याला, म्हणजे ट्रायला काय गेलंय ते त्यांनाही दिसावं.

ट्रायकडून दोन ओळींचं उत्तर आलं, पत्र कंपनीकडे पाठवलंय. घरात सगळे नाराज झाले. पण 19 तारखेला नवीन कंपनीतून फोन आला, ह्यावेळी कस्टमर केअरचा नाही, नेटवर्कच्या माणसाचा, आणि त्याने पहिल्यांदाच बरोबर प्रश्न विचारला, तिसऱ्या कंपनीच्या कुठल्या नंबरवरून लावलात, वेळ काय. कोष्टक त्याच्यासमोरच होतं. म्हणाला, आमच्याकडून सगळं बरोबर आहे, त्यांच्या यादीत तुमची नोंद जुनीच दिसतेय, त्यांना कळवतो.

[सकाळ. पोदेराच्या सायकलचा भोंगा. टेबलावर मोबाईल, तोच.]

20 ऑगस्ट, सकाळी सव्वासात. शेजारच्या काकूंनी त्यांच्या अंगणातून, तिसऱ्या कंपनीच्या फोनवरून लावला. वाजला. आईने उचलला नाही, नुसती बघत राहिली, मग काकूच ओरडल्या, अगो घे ना! संध्याकाळी त्या बँकेचा ओटीपीही आला.

वहीत त्या आठवड्यात अकरा ऑर्डरी लिहिल्या गेल्या. राहिलेल्या किती आल्या असत्या ते कळायचा मार्ग नाही.

रिक्षावाल्याचा नंबरही लागतोय. तात्यांचा अजून लागत नाही, आज सकाळीच परत बघितलं, तेच वाक्य ऐकू येतं. त्यांचं कोष्टक वेगळं करतोय, सहा कॉल झालेत, दुपारी लँडलाईनवरून अजून दोन करायचे, आणि उद्या त्यांच्या नावाने वेगळं अपील.