यीस्ट जिवंत आहे का, आणि पीठ का फुगत नाही?

श्रोतेहो, नमस्कार.

काही वर्षांपूर्वी नाशिकमध्ये जानेवारीच्या एका संध्याकाळी मी पावासाठी मैदा मळून ठेवला. दोन तासांनंतरही तो होता तसाच होता. यीस्ट मेले असे समजून मी ते पीठ टाकून दिले. दुसऱ्या दिवशी त्याच पाकिटातले उरलेले यीस्ट कोमट पाण्यात घातले, तेव्हा दहा मिनिटांत कपावर फेस जमला. यीस्ट जिवंत होते, थंड पडले होते ते पीठ. ते फेकण्याऐवजी उबेला ठेवले असते, तर रात्री पाव झाला असता. म्हणूनच पीठ फुगले नाही, तर आधी हे ठरवावे लागते की यीस्ट मेले आहे की केवळ गारठले आहे.

त्याची परीक्षा मैदा भिजवण्यापूर्वीच करावी. बाजारात मिळणारे जाड दाण्यांचे सुके यीस्ट असेल, तर १०० मिलिलिटर कोमट पाण्यात एक चमचा साखर विरघळवून त्यात दोन सपाट चमचे यीस्ट घालावे आणि कप झाकून ठेवावा. पाणी साधारण ४० अंश सेल्सिअस असावे. थर्मामीटर नसेल, तर हिवाळ्यात एक वाटी उकळत्या पाण्यात दोन वाट्या साधे पाणी मिसळले की जवळपास तेवढीच ऊब येते. दहा मिनिटांत, फार तर पंधरा मिनिटांत, वर बोटभर जाडीचा, मऊ, तपकिरी फेस यायला हवा. नुसते चार बुडबुडे आले, तर ते यीस्ट वापरू नये. कढत पाण्याने, म्हणजे साधारण ५५ ते ६० अंशांना, यीस्ट मरते, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण जाड दाण्यांचे यीस्ट गार पाण्यात भिजवणेही वाईटच, कारण भिजताना त्याच्या पेशींतून असा एक पदार्थ बाहेर झिरपतो की त्याने पिठाचा ताण सैल पडतो आणि पाव पसरट होतो.

आता यीस्ट जिवंत निघाले आणि स्वयंपाकघर १६ अंशांवर आहे, असे समजू. मळून झालेले पीठ २६ अंशांच्या आसपास असले, तर ते तास-दीड तासात दुप्पट होते. त्यासाठी पाणी किती गरम घ्यावे, याचा बेकरीवाल्यांचा सोपा हिशेब आहे. २६ ची तिप्पट ७८ होते, त्यातून खोलीचे १६ आणि मैद्याचे १६ वजा केले की ४६ उरतात, आणि हाताने मळताना येणाऱ्या उष्णतेचे दोन अंश वजा केले की ४४. म्हणजे वर सांगितलेले एकास दोन प्रमाणच येथेही चालते. अर्धा किलो मैद्याला एकूण ३१० मिलिलिटर पाणी लागत असेल, तर त्यातले १०० मिलिलिटर फेसाच्या परीक्षेचे धरावे आणि उरलेले २१० मिलिलिटर याच प्रमाणात कोमट करून मैद्यात घालावे.

मळलेले पीठ बंद ओव्हनमध्ये, ओव्हन न पेटवता, उकळत्या पाण्याच्या वाडग्याशेजारी झाकून ठेवावे आणि पाऊण तासाने पाणी बदलावे. ओव्हन नसेल, तर मोठ्या झाकणाच्या डब्यातही हीच सोय होते. पिठाचा लिंबाएवढा गोळा काचेच्या उभ्या पेल्यात दाबून, त्याच्या पातळीवर रबर लावून, तो पेलाही शेजारीच ठेवावा. गोळा दुप्पट चढला की मोठे पीठही तयार झाले असे समजावे. घड्याळापेक्षा मी या पेल्यावर अधिक विश्वास ठेवते.

कोकणातल्या पावसाळ्यात मात्र अडचण नेमकी उलटी असते. खोली २८ अंशांवर असताना तोच हिशेब केला, तर पाणी २० अंशांचे लागते, आणि दमट हवेत माठातले पाणीही फारसे गार होत नाही, म्हणून फ्रिजचे पाणी मिसळावे लागते. यीस्ट मात्र आधी थोड्या कोमट पाण्यातच जागे करावे. मैद्यानेही हवेतला ओलावा घेतलेला असतो, तेव्हा दोन-तीन मोठे चमचे पाणी मागे ठेवावे आणि पीठ मागेल तसे घालावे. चिकट लागले म्हणून मूठमूठ मैदा टाकत गेले, तर पाव जड होतो. पीठ लवकर फुगत असल्याने पाऊण तासापासूनच ते पाहत राहावे. मैदा लावलेले बोट दाबल्यावर खळगा सावकाश, अर्धवट भरून आला, तर पीठ योग्य झाले. खळगा तसाच राहिला आणि पीठ बसू लागले, तर ते जास्त फुगले आहे. मग ते हलकेच दाबून पुन्हा आकार द्यावा आणि दुसऱ्या वेळी कमी वेळ ठेवावे.

यीस्टला याच दिवसांत सर्वाधिक धोका असतो. उघडलेले पाकीट ओट्यावर राहिले, तर दमट हवेने दाणे ओलसर होऊन चिकटतात आणि काही आठवड्यांत निकामी होतात. ते घट्ट झाकणाच्या बाटलीत फ्रिजमध्ये ठेवावे, लागेल तेवढे कोरड्या चमच्याने काढावे आणि बाटली लगेच परत ठेवावी, कारण उघडी राहिलेली थंड बाटली हवेतले पाणी आत ओढून घेते.